खिडकीपुढे काळवंडणारा चेहरा

दिवसाउजेडी खिडकीकडे पाठ करून बसलेल्या व्यक्तीशी समोरासमोर बोलताना तिचे डोळे, ओठांची हालचाल, कपाळावरची आठीसुद्धा समोरच्याला विनासायास दिसते. परंतु समोरच्याच्या त्याच जागी लॅपटॉप ठेवून व्हिडिओ बैठक सुरू केली, की पडद्यावर लख्ख खिडकी आणि तिच्यापुढे माणसाच्या आकाराचा एक काळा ठसा एवढेच उरते. खोलीतला उजेड बदललेला नसतो आणि कॅमेराही बिघडलेला नसतो. फरक पाहण्याच्या पद्धतीत असतो. डोळ्याचे दृष्टिपटल आपल्या वेगवेगळ्या भागांची संवेदनशीलता त्या त्या भागावर पडणाऱ्या उजेडानुसार कमीजास्त करू शकते, शिवाय नजर खिडकीवरून चेहऱ्याकडे वळताच मेंदू चेहऱ्याचा तपशील स्वतंत्रपणे टिपून घेतो. साध्या कॅमेऱ्याला असा भागाभागाने विचार करता येत नाही. त्याला संपूर्ण चित्रासाठी उजेड घेण्याचे एकच प्रमाण ठरवावे लागते, आणि ते प्रमाण ठरवताना चेहऱ्याचे मत फारसे विचारात घेतले जात नाही.

या दोषावरचे उपाय बहुतेक कॅमेऱ्यांत आणि त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये दिलेले असतात. त्यांची नावे मात्र गोंधळात टाकणारी असतात, आणि कोणते बटण नेमके काय करते हे ठाऊक नसल्यामुळे अनेकदा चेहरा उजळण्याऐवजी सारे चित्रच पिठाळ होऊन बसते.

### एकाच क्षणी उचललेली भांडी

कॅमेऱ्याच्या भिंगामागे संवेदक, म्हणजे सेन्सर असतो आणि त्यावर प्रकाश टिपणारे लक्षावधी सूक्ष्म बिंदू ओळीने मांडलेले असतात. पावसाळ्यात अंगणात एकाच मापाची पुष्कळ भांडी मांडून ठेवावीत, तशी ही मांडणी आहे. काही भांडी पागोळीच्या धारेखाली येतात, तर काही झाडाच्या आडोशाला राहून त्यांत अधूनमधून एखादाच थेंब पडतो. अट इतकीच, की सगळी भांडी एकाच वेळी मांडायची आणि एकाच वेळी उचलायची. धारेखालचे भांडे काठोकाठ भरले की त्यापुढचे पाणी वाहून जाते, त्यामुळे तेथे नेमका किती पाऊस पडला हे नंतर कोणालाही सांगता येत नाही. आडोशाच्या भांड्याच्या तळाशी चार थेंब असतात खरे, पण त्यांतले पावसाचे किती आणि पानांवरून चुकून गळलेले किती, हे ओळखणे अवघड असते.

चित्रात खिडकी ही धारेखालची जागा, आणि चेहरा हा आडोसा. भांडी जितका वेळ बाहेर ठेवली जातात तो उद्भासन-काळ, म्हणजे एक्स्पोजर टाइम. नेहमीच्या वेबकॅममध्ये सेकंदाला ३० चित्रे घेतली जात असल्याने हा काळ एका सेकंदाच्या तिसाव्या भागापेक्षा, म्हणजे सुमारे ३३ मिलिसेकंदांपेक्षा, अधिक वाढवता येत नाही. मोठ्या कॅमेऱ्यांत भिंगाचे छिद्र लहानमोठे करून उजेड कमीजास्त करता येतो. लॅपटॉपच्या आणि बहुतेक वेबकॅमच्या भिंगात ते छिद्र कायमचे ठरलेले असते. उरतो तो तिसरा मार्ग, गेन. संवेदकातून निघालेला विद्युत संकेत मोठा करून दाखवण्याच्या या क्रियेत नवा उजेड मिळत नाही, असलेल्या चार थेंबांनाच गुणले जाते, आणि त्यांच्याबरोबर चुकून आलेले थेंबही गुणले जातात. अंधाऱ्या चित्रात सतत वळवळणारे जे रंगीत दाणे दिसतात, ते याच गुणाकाराचे फळ होय. छायाचित्रकार त्यांना नॉइज म्हणतात.

### सरासरीचा न्याय

आता प्रश्न असा, की भांडी किती वेळ बाहेर ठेवायची हे ठरवतो कोण? कॅमेऱ्यातील स्वयंचलित एक्स्पोजरची यंत्रणा दर क्षणी चित्राची सरासरी तेजस्विता मोजते आणि ती एका ठरावीक मध्यम पातळीवर आणून ठेवण्याचा प्रयत्न करते. छायाचित्रणात ही पातळी बहुधा आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी १८ टक्के प्रकाश परतवणाऱ्या राखाडी रंगाइतकी मानली जाते, कारण घरे, झाडे, कपडे, त्वचा, रस्ते अशा नेहमीच्या दृश्यांची सरासरी या राखाडीच्या आसपास पडते. गृहीतक साधे आहे आणि बहुतेक वेळा ते उपयोगी पडते. परंतु चित्राचा मोठा भाग आकाशाने किंवा उन्हात न्हालेल्या भिंतीने व्यापला, की सरासरी वर जाते. यंत्रणा त्यावर उजेड कमी घेण्याचा निर्णय करते. आणि आधीच अंधारात असलेला चेहरा त्या निर्णयाची किंमत चुकवतो.

ही किंमत किती असते, हे एका साध्या खोलीचा हिशेब मांडला तर नीट कळते. ढगाळ दिवशी दुपारी एक व्यक्ती खिडकीकडे पाठ करून टेबलाशी बसली आहे आणि खिडकीतून समोरच्या इमारतीची फिक्या रंगाची भिंत दिसते आहे, असे धरावे. चेहऱ्याच्या पुढच्या बाजूवर खोलीतला परावर्तित उजेड तेवढा पडतो. तो सुमारे ५० लक्स मानू. लक्स हे एखाद्या पृष्ठभागावर किती उजेड पडतो ते सांगणारे एकक असून, ढगाळ दिवशी उघड्यावर तो साधारण १०,००० लक्स किंवा त्याहून अधिक असतो. अशा स्थितीत खिडकीतली भिंत कॅमेऱ्याला चेहऱ्याच्या सुमारे शंभर पट उजळ दिसते. खिडकीतून भिंतीऐवजी मोकळे आकाश दिसत असेल, तर हे प्रमाण आणखी कितीतरी वाढते.

चेहऱ्याची तेजस्विता १ मानली तर खिडकीची १००, आणि खोलीच्या उरलेल्या भागाची सुमारे ०.७ धरता येईल. फ्रेममध्ये, म्हणजे कॅमेऱ्यात मावणाऱ्या दृश्यात, खिडकीने ४० टक्के, चेहऱ्याने १५ टक्के आणि खोलीने ४५ टक्के जागा व्यापली असेल, तर सरासरी सुमारे ४०.५ येते. या सरासरीत चेहऱ्याचा वाटा अवघा ०.१५ इतका, म्हणजे असून नसल्यासारखा आहे. यंत्रणा ४०.५ ही सरासरी १८ वर आणते, म्हणजे प्रत्येक गोष्ट ०.४४ ने गुणली जाते, आणि पूर्ण पांढऱ्याला १०० मानणाऱ्या मापावर चेहरा अर्ध्या टक्क्याच्याही खाली जातो. पडद्यावर प्रत्येक बिंदूची तेजस्विता ० ते २५५ या अंकांत साठवलेली असते. तिथे मध्यम राखाडी ११८ च्या आसपास असतो, तर हा चेहरा १४ च्या आसपास उतरतो. याला डोळा काळाच म्हणतो.

प्रत्यक्ष यंत्रणा याहून थोडी गुंतागुंतीची असते, काही कॅमेरे फ्रेमच्या मध्याला अधिक महत्त्व देतात, तर काही अतिउजळ बिंदू हिशेबात मर्यादित ठेवतात. तरीही निकालाची दिशा हीच राहते. उजेडाचे अंतर मोजण्यासाठी छायाचित्रकार स्टॉप ही पायरी वापरतात. एक स्टॉप म्हणजे दुप्पट, दोन स्टॉप म्हणजे चौपट, तीन म्हणजे आठपट. वरील खोलीत चेहरा मध्यम राखाडीवर आणायचा तर ०.४४ चे १८ करावे लागतील, म्हणजे सुमारे एक्केचाळीस पट, पाच स्टॉपांहून थोडे अधिक. हा आकडा लक्षात ठेवला की पुढच्या उपायांची ताकद नेमकी तोलता येते.

### बॅकलाइट कॉम्पेन्सेशन काय करते

विषयाच्या मागून येणाऱ्या उजेडाला बॅकलाइट म्हणतात आणि त्याची भरपाई करणाऱ्या सोयीला बॅकलाइट कॉम्पेन्सेशन. घरगुती व्हिडिओ कॅमेऱ्यांवर फार पूर्वीपासून यासाठी वेगळे बटण असे, आणि पाळतीच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांच्या यादीत आजही ही सोय बीएलसी या लघुनावाने आढळते. तिच्यामागे निरनिराळ्या युक्त्या असू शकतात. सर्वात सोपी युक्ती म्हणजे सरासरी ज्या पातळीवर आणायची ती पातळीच वर सरकवणे: कॅमेऱ्याला १८ ऐवजी ३६ किंवा ७२ चे उद्दिष्ट देणे. दुसरी युक्ती मोजण्याच्या पद्धतीत बदल करते. फ्रेमचे चौकोनी भाग पाडून कडेच्या भागांचे वजन कमी आणि मधल्या भागाचे जास्त धरले जाते, जेणेकरून मध्यभागी बसलेल्या चेहऱ्याचे मत मोजले जावे. अलीकडचे फोन आणि काही लॅपटॉप प्रथम चेहरा शोधून काढतात व त्या भागालाच प्रमाण मानतात.

यूएसबीने जोडल्या जाणाऱ्या वेबकॅमसाठी जे सामायिक मानक आहे, त्यात बॅकलाइट कॉम्पेन्सेशनची तरतूद आहे, पण तिचे वर्णन फारच मोघम आहे: ० म्हणजे बंद, आणि ० सोडून कोणताही अंक म्हणजे चालू. किती भरपाई करायची आणि कोणत्या युक्तीने, हे उत्पादकावर सोपवलेले आहे. म्हणूनच एका कॅमेऱ्यात ही सोय सुरू करताच चेहरा स्पष्ट उजळतो आणि दुसऱ्या कॅमेऱ्यात काहीच घडले नसल्यासारखे वाटते. वापरणाऱ्याची त्यात चूक नसते.

या सोयीने वरील खोलीत दोन स्टॉपांची भरपाई केली असे धरले, तर चेहरा ०.४४ वरून १.७६ वर येतो. पडद्याच्या मापावर तो १४ वरून सुमारे ३६ होतो. फरक दिसतो, चेहऱ्याची ठेवण कळू लागते, तरी चित्र अजून अंधारेच असते. आणि दुसरीकडे खिडकी ४४ वरून १७६ वर, म्हणजे १०० या मर्यादेच्या पलीकडे गेल्याने, तिच्यातली भिंत, गज, झाडाची फांदी हे सारे एका पांढऱ्या पट्ट्यात विरून जाते. धारेखालची भांडी भरून वाहू लागली. हीच या उपायाची खरी मर्यादा आहे: बॅकलाइट कॉम्पेन्सेशन चेहरा आणि खिडकी यांच्यातले शंभर पटींचे अंतर तसूभरही कमी करत नाही, ते केवळ दोघांपैकी नुकसान कोणाचे व्हावे ते ठरवते. चेहरा महत्त्वाचा असेल तर खिडकीचे नुकसान पत्करणे योग्यच. पण ते पत्करूनही दोन स्टॉपांत पाच स्टॉपांचे काम होत नाही.

येथे दोन गैरसमजांचा निर्देश आवश्यक आहे. बैठकीच्या सॉफ्टवेअरमध्ये मागची पार्श्वभूमी पुसट करण्याची किंवा तिच्या जागी चित्र लावण्याची सोय असते, आणि खिडकी दिसेनाशी झाली म्हणजे चेहरा उजळेल अशी पुष्कळांची अपेक्षा असते. तसे होत नाही, कारण कॅमेऱ्याने उजेडाचे प्रमाण आधीच, खिडकीकडे पाहूनच, ठरवलेले असते. पार्श्वभूमी नंतर बदलली जाते. उलट खिडकी झाकली गेल्यामुळे चेहरा काळा का आहे याचे कारणही पाहणाऱ्याला कळेनासे होते. दुसरा गैरसमज ब्राइटनेसच्या पट्टीविषयी. ही पट्टी चित्र टिपून झाल्यावर त्याचे अंक वाढवते. संवेदकावर पडणारा उजेड तिने वाढत नाही, त्यामुळे काळा भाग राखाडी होतो, केस आणि डोळे धुरकट होतात, आणि चेहऱ्याचा तपशील होता तितकाच राहतो. ब्राइटनेस मूळ जागी ठेवून एक्स्पोजर वाढवणे हाच बरोबर क्रम आहे.

### एक्स्पोजर हाताने बसवणे

स्वयंचलित यंत्रणेचा आणखी एक दोष म्हणजे तिची अस्थिरता. व्यक्ती जरा बाजूला झुकली आणि खिडकीचा मोठा तुकडा उघडा पडला, की चेहरा काळवंडतो. ती पुन्हा मध्ये आली की उजळतो. ढग सरकला तरी हाच प्रकार होतो. सलग बोलायचे असेल, शिकवायचे असेल किंवा मुलाखत द्यायची असेल, तर एकदा योग्य प्रमाण शोधून ते पक्के करून ठेवणे सोयीचे असते.

फोनच्या कॅमेऱ्यात हे काम सर्वात सोपे आहे. पडद्यावर चेहऱ्याला बोट लावले की मोजणी त्या जागेवरून होते. शेजारी उमटणाऱ्या सूर्याच्या चिन्हावरून बोट वर सरकवले की एक्स्पोजर वाढते. आणि बोट काही क्षण दाबून ठेवले की ते प्रमाण पक्के होते, आयफोनवर तेव्हा AE/AF LOCK अशी अक्षरे दिसतात. व्हिडिओ बैठकीच्या बहुतेक ॲपमध्ये मात्र या सोयी मिळत नाहीत.

विंडोज असलेल्या संगणकावर ओबीएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कॅमेऱ्याच्या गुणधर्मांतील Configure Video हे बटण दाबले, की कॅमेऱ्याची मूळ नियंत्रणे उघडतात. त्यांत एक्स्पोजर उणे अंकांत दिलेले असते, आणि हे अंक दोनाच्या घातांकाने वाचायचे असतात: -५ म्हणजे सेकंदाचा १/३२ भाग, -६ म्हणजे १/६४, -७ म्हणजे १/१२८. एक अंक वर गेला की उजेड दुप्पट, म्हणजे पुरता एक स्टॉप. लिनक्सवर हेच काम आज्ञांनी होते, आणि तेथे कॅमेरा नेमके काय देऊ करतो याची यादी आधी पाहता येते.

```
v4l2-ctl -d /dev/video0 --list-ctrls
v4l2-ctl -d /dev/video0 -c backlight_compensation=1
v4l2-ctl -d /dev/video0 -c auto_exposure=1
v4l2-ctl -d /dev/video0 -c exposure_time_absolute=200
```

पहिली ओळ उपलब्ध नियंत्रणे आणि त्यांच्या मर्यादा दाखवते. दुसरी ओळ भरपाई सुरू करते. ती पुरेशी वाटली नाही तर तिसऱ्या ओळीने स्वयंचलित एक्स्पोजर बंद होते आणि चौथीने काळ ठरतो, तोही १०० मायक्रोसेकंदांच्या पटीत; त्यामुळे २०० म्हणजे २० मिलिसेकंद, सेकंदाचा पन्नासावा भाग. जुन्या प्रणालींत या नियंत्रणांची नावे थोडी वेगळी असतात, म्हणून पहिली ओळ वगळू नये.

२०० हा आकडा सोयीचा आहे त्यालाही कारण आहे. भारतात घरगुती वीज ५० हर्ट्झची असते, त्यामुळे तिच्यावर चालणारे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही. पण एक्स्पोजरचा काळ १० मिलिसेकंदांच्या पटीत नसेल, तर चित्रावर वरून खाली सरकणारे फिके-गडद पट्टे उमटू शकतात. १०, २० किंवा ३० मिलिसेकंद धरले की पट्टे टळतात. विंडोजच्या उणे अंकांत हे माप अचूक बसत नाही, म्हणून तेथे पट्टे दिसल्यास एक्स्पोजर स्वयंचलित ठेवून विजेची वारंवारता ५० हर्ट्झ निवडणे बरे. दुसऱ्या टोकाला, अंधार भरून काढण्यासाठी काही कॅमेरे काळ ३३ मिलिसेकंदांच्या पुढे नेतात आणि त्यासाठी चित्रांची संख्या सेकंदाला ३० वरून १५ किंवा त्याहून खाली आणतात. मग हात हलला की तो पुसट होतो आणि ओठांची हालचाल अडखळत असल्यासारखी भासते. चित्र अचानक तुटक वाटू लागले तर इंटरनेटला दोष देण्यापूर्वी खोलीतला उजेड पाहावा.

### अंतर कमी करणारे उपाय

पाच स्टॉपांचे काम सॉफ्टवेअरवर टाकण्याऐवजी उजेडाचे अंतरच घटवले, तर तोच साधा कॅमेरा चांगले चित्र देतो, आणि यातला पहिला उपाय पूर्णपणे फुकट आहे. लॅपटॉपचा पडदा थोडा पुढे कलवून किंवा खुर्ची कॅमेऱ्याच्या जवळ ओढून खिडकीचा फ्रेममधला वाटा ४० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आणला, तर वरील हिशेबातली सरासरी ४०.५ वरून साडेपंधराच्या आसपास उतरते, आणि चेहऱ्याला अडीच पटींहून अधिक उजेड मिळतो. बॅकलाइट कॉम्पेन्सेशनच्या बटणाने जितके साधते, त्याचा निम्म्याहून अधिक भाग नुसत्या बिजागरीने साधतो.

दुसरा उपाय पडदा आणि दिवा या जोडीचा आहे. खिडकीला पातळ पांढरा पडदा लावल्याने तिची तेजस्विता साधारण निम्मी होते असे धरू. म्हणजे १०० च्या ५०. चेहऱ्यासाठी ९ वॅटचा एलईडी बल्ब असलेला टेबल-लॅम्प कॅमेऱ्याच्या शेजारी, डोळ्यांपेक्षा किंचित उंच, अडीच फुटांवर ठेवून त्यापुढे पातळ पांढरा कागद धरला, तर सुमारे ३५० लक्स मिळू शकतात. आधीचे ५० धरून ४००, म्हणजे चेहऱ्याची तेजस्विता आठपट. कागद बल्बला चिकटवू नये, आणि दिवा थेट समोर ठेवल्यास चष्म्याच्या काचांत त्याचे प्रतिबिंब दिसते म्हणून तो थोडा बाजूला असावा. दिव्याचे अंतर ही फार प्रभावी कळ आहे: उघड्या बल्बच्या बाबतीत अंतर निम्मे केले की उजेड चौपट होतो, म्हणून जास्त वॅटचा बल्ब आणण्याआधी आहे तो जवळ सरकवून पाहावा. रंगाचेही पथ्य आहे. खिडकीतला उजेड निळसर पांढरा असतो. पिवळा बल्ब वापरला तर कॅमेऱ्याला दोन रंगांत मेळ घालता येत नाही आणि चेहऱ्याची एक बाजू नारिंगी दिसते. वेष्टनावर कूल डेलाइट किंवा ६५०० केल्विन लिहिलेला बल्ब येथे योग्य.

खोली आणि माणूस तेच ठेवून हिशेब पुन्हा मांडला तर काय होते, ते पुढील चौकटीत आहे. खिडकीचा वाटा येथेही ४० टक्केच धरला आहे.

| स्थिती | चेहरा (१०० पैकी) | पडद्यावर (० ते २५५) | खिडकी (१०० पैकी) |
|---|---|---|---|
| काहीच न करता | ०.४४ | १४ | ४४ |
| फक्त दोन स्टॉप भरपाई | १.७६ | ३६ | मर्यादेबाहेर |
| पडदा व दिवा, भरपाई नाही | ६.७ | ७३ | ४२ |
| पडदा, दिवा आणि एक स्टॉप भरपाई | १३.४ | १०२ | ८४ |

शेवटच्या ओळीत चेहरा मध्यम राखाडीच्या जवळ आला आहे आणि खिडकीही मर्यादेच्या आत राहिली आहे, म्हणजे पडद्याच्या चुण्यासुद्धा दिसतील. चेहरा आणि खिडकी यांतले अंतर शंभर पटींवरून सहा-सव्वासहा पटींवर आल्यामुळे हे शक्य झाले. तेच अंतर शंभर पट असताना साध्या कॅमेऱ्याच्या कोणत्याही बटणाने दोघांना एका फ्रेममध्ये सामावून घेता आले नसते. काही फोन आणि चांगले कॅमेरे एकामागोमाग कमी व जास्त एक्स्पोजरची चित्रे घेऊन ती एकत्र जुळवतात. एचडीआर किंवा सीसीटीव्हीच्या भाषेत डब्ल्यूडीआर म्हणतात ती हीच युक्ती. ती अंतर खरोखर पेलते, पण हलत्या माणसाच्या केसांभोवती आणि बोटांभोवती तिच्या जोडणीच्या खुणा कधीकधी उरतात.

एक अगदी क्षुल्लक कारणही तपासून घ्यावे. लॅपटॉप उघडताना बोटांचा तेलकट ठसा भिंगावर उमटतो, आणि खिडकीचा उजेड त्या ठशात विखरून साऱ्या चित्रावर पांढरट साय पसरवतो. अशा वेळी एक्स्पोजर वाढवले की साय आणखी दाट होते. मऊ कोरड्या कापडाने भिंग पुसणे हा यावरचा उपाय, आणि तो इतर सर्व उपायांच्या आधी करायचा असतो.

### पुरे झाले हे कसे ओळखावे

भरपाई योग्य झाली की नाही हे खिडकीकडे पाहून ठरवू नये. डोळ्यांतला पांढरा भाग आणि बुबुळ वेगळे दिसतात का, हनुवटीखालची सावली काळी न होता गडद राहते का, आणि कपाळावरचा किंवा नाकाच्या शेंड्यावरचा चकाकता भाग सपाट पांढरा तर झाला नाही ना, या तीन जागा पाहाव्यात. चकाकता भाग पांढरा पडला असेल तर एक्स्पोजर एक पायरी खाली आणावे. केसांची कड खिडकीच्या उजेडात विरघळल्यासारखी दिसू लागली असेल तर तेही भरपाई जास्त झाल्याचे लक्षण आहे. प्रत्येक चेहरा मध्यम राखाडीवर आणून बसवण्याचा हट्टही चुकीचा. सावळी त्वचा मुळात प्रकाश कमी परतवते, त्यामुळे ती चित्रात मध्यम राखाडीच्या खाली असणे हेच बरोबर आहे. तिला १८ च्या पातळीपर्यंत ओढले तर माणूस उजळ दिसत नाही, फिका आणि अनोळखी दिसतो. त्वचेचा रंग आरशातल्यासारखा दिसला की थांबावे.

हाताने बसवलेले एक्स्पोजर त्या वेळच्या उजेडापुरतेच खरे असते. दुपारी पक्के केलेले प्रमाण सायंकाळी खिडकी विझल्यावर चुकते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेरा सुरू केला की तेच जुने प्रमाण कधीकधी तसेच उभे असते. म्हणून काम संपल्यावर स्वयंचलित एक्स्पोजर पुन्हा सुरू करून ठेवावे. खिडकीबाहेरचा समुद्र किंवा डोंगर दाखवणे हाच हेतू असेल, तर भर दुपारी मोकळ्या आकाशापुढे ९ वॅटचा दिवा पुरत नाही आणि बॅकलाइट कॉम्पेन्सेशन तर समुद्रच पुसून टाकते. तेथे बैठक सकाळी लवकर किंवा सूर्यास्ताच्या सुमारास ठेवणे एवढाच स्वस्त उपाय आहे. तसा हेतू नसेल, तर खुर्ची काटकोनात वळवून खिडकी गालाच्या बाजूला घ्यावी: तिचा उजेड मग चेहऱ्यावर पडतो, ती स्वतः फ्रेमबाहेर जाते, आणि स्वयंचलित एक्स्पोजर कोणत्याही भरपाईशिवाय पुरते.